‘परत पाठव’ असं लिहू नकोस

प्रिय,

विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पथकाच्या खोलीत बसून निरोप घ्यायचं आणि खाणं-पाणी पुढे धाडायचं काम यंदा तुझ्याकडे आलंय. लक्ष्मी रोडवरून पोरांच्या व्हॉइस नोट येतील आणि त्यांत ढोल-ताशाशिवाय काही ऐकू येणार नाही, तेव्हा काय करू, असं विचारलंस. निम्मं काम ऐकण्याचं आहे आणि निम्मं विचारण्याचं. विचारण्यातच जास्त लोक चुकतात.

‘परत पाठव’ असं लिहिलंस की समोरचा पोरगा तीच नोट पुन्हा फॉरवर्ड करेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. फोनवर बोलताना रेंज गेली की शब्द तुटतात. व्हॉइस नोटचं तसं नसतं. ती अख्खी फाइल म्हणून येते. नेटवर्क तुंबलं असेल तर उशिरा येईल, पण आली की जशी रेकॉर्ड झाली तशीच येणार. म्हणजे बिघाड रेकॉर्डिंगमधलाच असतो, आणि तीच फाइल कितीदा मागवली तरी तो जात नाही. त्याच्याकडून नवीन बोलणं हवंय, किंवा त्याहून बरं म्हणजे एका अंगठ्याने देता येईल असं उत्तर.

पण विचारण्याआधी नीट ऐक. इअरफोन लाव, खोलीचं दार लाव. प्रत्येक ठोक्याला आवाज फाटत असेल आणि दोन ठोक्यांच्या मध्ये शब्द ऐकू येत असतील, तर माइकला झेपेल त्यापेक्षा आवाज मोठा होता. लाटेची टोकंच कापली गेलेली असतात आणि कापलेलं परत मिळत नाही. तिथे मधल्या फटींतले शब्द तेवढे टिपून घ्यायचे. ढोल फारसा फाटलेला नाही, पण बोलणंही पाण्याखालून आल्यासारखं, मधेच गायब होणारं वाटत असेल, तर फोनने गोंगाट कमी करायच्या नादात आवाजही खाल्लाय. तिथे फार वेळ घालवू नकोस. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीत असतो, तो बोलण्याला तेवढा नडत नाही. नडतो ताशा. त्याचा कडकडाट नेमका स, ठ, त, क या अक्षरांच्या पट्टीत येतो. म्हणून ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात आणि शब्द कळत नाही.

दोन-तीनदा ऐकून जे पक्कं कळलं ते कागदावर लिही आणि थांब. दुसऱ्या कुणाला ऐकवायचं असेल तर तुझा अंदाज आधी सांगू नकोस. सांगितलास की त्यालाही तेच ऐकू येईल.

आता एक नोट घेऊ. समज, तुला एवढंच लागतंय: ‘दादांना सांग… टिळक… सा… पाकिटं… पाणी पाठवू…’ आणि पुढे ताशा. यात तीन जागा अडलेल्या आहेत. ‘टिळक’ म्हणजे मंडईतला टिळक पुतळा, जिथून मिरवणूक निघते? की टिळक चौक, म्हणजे अलका टॉकीजपाशी, जिथे लक्ष्मी रोड संपतो? की टिळक रोड, जो मार्गच वेगळा आहे? ‘सा’ म्हणजे सात की साठ? आणि सगळ्यांत वाईट शेवटचं. आपण नकार वाक्याच्या शेवटी देतो. ‘पाठवू का’ आणि ‘पाठवू नका’ यांतला फरक नेमका तिथे असतो, जिथे पोरगा घाईत बोट उचलतो किंवा ताशा उठतो. जागा, आकडा आणि होकार-नकार या तीन गोष्टींत अंदाज करायचा नाही. बाकी वाक्य अंदाजाने लावलंस तरी चालेल.

त्याला ‘काहीच कळलं नाही’ असंही कळवू नकोस. तो त्याच जागी उभा राहून, अजून ओरडून, सगळं पहिल्यापासून सांगेल. ‘नीट बोल ना’ तर मुळीच नको. सकाळपासून कमरेला ढोल आहे त्याच्या. त्याची नोट स्वाइप करून तिलाच रिप्लाय दे, म्हणजे चार नोटांतली कुठली ते त्याला शोधावं लागणार नाही, आणि असं लिही:

‘पाकिटं हवीत हे कळलं. तीन गोष्टी आकड्यात सांग.
जागा: 1 मंडई, 2 अलका, 3 टिळक रोड
पाकिटं: 7 की 60
पाणी: 1 पाठवू, 2 नको’

उत्तर ‘2 60 2’ एवढं आलं तरी पुरे. हातात टिपरू असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त टाइप करायला लावू नये. पर्याय निवडताना कानाला वेगळे वाटणारे शब्द घे, म्हणजे उत्तर बोलून आलं तरी ओळखू येईल. ‘टिळक चौक की टिळक रोड’ असं विचारलंस तर तू होतीस तिथेच राहशील. मेसेज वादन थांबून पथक पुढे सरकतं तेव्हा वाचला जातो, त्यामुळे लगेच उत्तर आलं नाही म्हणून लागोपाठ पाच मेसेज टाकू नकोस. दोरीवर असलेल्या स्वयंसेवकाला तोच मेसेज पाठव. त्याचा एक हात बहुतेक मोकळा सापडतो.

कधी बोलूनच घ्यावं लागतं, कारण गोष्ट लांबची असते. मग कसं बोलायचं तेही त्याच मेसेजमध्ये लिही: बोळात शीर, ढोलांकडे पाठ कर, फोनची खालची कड तोंडापासून चार बोटांवर, गालाच्या बाजूला धर, ओरडू नकोस. अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज माइकवर सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि ढोल होता तेवढाच राहतो. हातभर अंतरावरून ओरडण्यापेक्षा जवळून साधं बोलणं कधीही स्पष्ट येतं, आणि जवळून ओरडलं तर त्याचाच आवाज फाटतो. माइकच्या भोकावर बोट नको. आकडा सुटा सांगायचा, ‘सहा शून्य’. नकार आधी, ‘नको, पाणी नको’. बोलून झाल्यावर क्षणभर थांबून मगच बोट उचलायचं.

उत्तर आलं की तू समजलीस ते परत लिही: ‘अलका, 60 पाकिटं, पाणी नको. माणूस निघाला.’ त्याचा अंगठा आला की काम झालं. हा शेवटचा मेसेज लोक गाळतात आणि मग टेम्पो मंडईत उभा राहतो.

उत्तर आलंच नाही तर? खाण्या-पाण्यात जास्तीचं धरून पाठव. उरलेली पाकिटं मागच्या पथकाला देता येतात. पण नोटेत ‘पडला’, ‘चक्कर’, ‘रक्त’ यातलं काही अर्धवट जरी ऐकू आलं, तर पुन्हा विचारत बसू नकोस. तिथल्या दोरीवाल्याला फोन लाव, जवळचा माणूस धाड, आणि दुजोरा मिळाला की 108. अशा वेळी फक्त जागा विचार, तीही वरच्याच तीन आकड्यांत. ते आकडे आदल्या रात्री ग्रुपवर पिन करून ठेव.

तुझा,
काका