ग्रुपवर टाकलेल्या ड्राफ्टचा मालक एकच हवा

प्रश्न: ऑफिसच्या ग्रुपवर ड्राफ्ट टाकला की सगळे नुसता अंगठा दाखवतात, वाचत कोणी नाही. अभिप्राय मागायचा मेसेज कसा लिहावा, की लोक खरंच वेळेत सांगतील?

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते. आधी जिथे होते तिथे याच गोष्टीवरून आमच्या सरांशी माझे कायम खटके उडायचे, म्हणून लिहितेय.

तिथे सीझनच्या तोंडावर पॅकिंगच्या लेखी सूचना नव्याने केल्या होत्या. सरांनी रात्री ग्रुपवर वर्डची फाईल टाकली आणि खाली लिहिलं, 'कृपया सर्वांनी आपले बहुमूल्य अभिप्राय लवकरात लवकर द्यावेत.' सकाळपर्यंत अंगठे आणि नमस्कारांची रांग लागली. पॅकिंगच्या ताईंनी फाईल उतरवून घेतली, स्वतःच्या मोबाईलवरच दुरुस्त्या केल्या आणि नव्या नावाने परत टाकली. डिस्पॅचवाल्यांनी जुन्या फाईलमध्ये वेगळ्याच दुरुस्त्या करून तिसरी टाकली. आणि प्रीकूलिंगच्या काकांनी, ज्यांना त्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची चूक दिसली होती, त्यांनी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. तो खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांत बुडाला.

चूक ग्रेपगार्डच्या पॅडची होती. निर्यातीच्या पेटीत घडांवर हा पॅड ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी रोखतो. तो वायू ओलाव्याने सुटतो. म्हणून माल आधी प्रीकूलिंगमध्ये थंड करायचा, पॅड त्यानंतर ठेवायचा, पेटीतला प्लास्टिकचा लायनर बंद करायचा आणि मग पेटी कोल्ड स्टोअरेजला. बागेतून आलेल्या कोमट मालावरच पॅड ठेवून पेटी बंद केली तर आत घाम धरतो, वायू एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. ड्राफ्टमध्ये पॅडची ओळ पॅकिंगच्या टेबलाखाली, म्हणजे प्रीकूलिंगच्या आधी आली होती. काका व्हॉइस मेसेजमध्ये नेमकं तेच सांगत होते.

पुढे पॅकिंग टेबलाशी एक प्रत चिकटली आणि प्रीकूलिंगच्या दाराशी दुसरी. दोन्हींवर 'फायनल' लिहिलेलं. काही पेट्या तपासायला उघडल्या तेव्हा देठाच्या जोडाशी मण्यांवर पांढऱ्या चकत्या दिसल्या आणि नाकाला झोंबणारा वास आला. तो माल निर्यातीतून बाजूला काढावा लागला. मीटिंगमध्ये सर म्हणाले, 'ग्रुपवर टाकलं होतं, सगळ्यांनी बघायला हवं होतं.' माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की सगळ्यांना विचारलं म्हणजे कोणालाच विचारलं नाही. काकांनी वेळेत सांगितलं होतं. सांगितलेलं उचलून कागदात घालायचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं.

आता मी ज्या पद्धतीने मागते तो मेसेज देते, यातले काका आणि ताई आताच्या पॅकहाऊसमधले:

'पॅकिंग सूचना, ड्राफ्ट. लिंक खाली आहे, फाईल उतरवून घेऊ नका. कलम 4 ते 7 चा क्रम, त्यातही 4 (प्रीकूलिंग) आणि 6 (पॅड) यांचा, आपल्या कामाप्रमाणे बरोबर आहे का, एवढंच बघायचं आहे. भाषा आणि मांडणी नंतर. काका, 4 आणि 6 तुम्ही बघा. ताई, कलम 5. डिस्पॅचने कलम 7. जिथे खटकेल तिथेच लिंकवर कमेंट टाका, एका कमेंटमध्ये एकच मुद्दा. लिंक उघडत नसेल तर कलमाचा नंबर सांगून मला फोन करा, मी तुमच्या नावाने तिथे लिहीन. गुरुवारी सकाळी 9 पर्यंत. दुरुस्त्या मी करणार, पक्की प्रत शुक्रवारी 11 वाजता भिंतीवर लागेल, जुन्या प्रती मी काढेन.'

यात वेळ सकाळी 9 का, तर काका रात्रपाळीला असतात आणि सुटल्यावर चहा पिताना निवांत मोबाईल बघतात. 'आज दिवसअखेर' म्हटलं तर ती वेळ त्यांच्या झोपेतून उठण्याची असते. मुदत ठरवायची ती ज्याचं उत्तर तुम्हाला सगळ्यात जास्त हवंय त्याच्या पाळीवर. 'लवकरात लवकर' ही मुदतच नाही, त्याची आठवण तरी कधी करून द्यायची?

गूगल डॉक्समध्ये शेअर करताना सगळ्यांना Commenter ठेवा, Editor फक्त स्वतः. लोक याला मानपान समजतात, मला पर्वा नाही. Editor दिलं की कोणीतरी थेट वाक्य बदलतं आणि का बदललं ते तुम्हाला हिस्ट्री उकरून शोधावं लागतं. कमेंट त्या ओळीलाच चिकटून राहते. मी प्रत्येक कमेंटखाली 'घेतलं' किंवा 'नाही घेतलं' आणि का, ते लिहिते, मगच ती बंद करते. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. काकांना एकदा दिसलं की आपलं बोलणं कागदात गेलं, की पुढच्या वेळी ते आपणहून लिहितात. आधीच्या ठिकाणच्या काकांनी नंतर सांगणंच सोडलं होतं.

दोन कमेंट एकमेकींना छेद देत असतील तर ग्रुपवर वाद घालू देऊ नका. दोघांना फोन लावा, ठरवा, ठरलेलं त्या कमेंटखाली लिहा. आणि आठवण करायची ती एकदाच, आदल्या दिवशी, ज्याचं नाव आहे त्याला वैयक्तिक. ग्रुपवर 'कोणीच वाचलं नाही का' असं लिहिलं की ज्यांनी वाचलं तेही दुखावतात.

अंगठ्याचं काय करायचं? अंगठा म्हणजे मेसेज दिसला, एवढंच. ज्याचं नाव एखाद्या कलमापुढे आहे त्याने गप्प बसणं मी होकार धरत नाही. पॅडसारख्या कलमाला तर काकांचा शब्द आल्याशिवाय प्रत छापत नाही. बाकीच्यांचं मौन मात्र चालतं, मुदत संपली की पुढे जायचं.

आमचे सर म्हणायचे की एकाचं नाव टाकलं की बाकीचे अंग काढून घेतात आणि एकाची मनमानी होते. मला हे अजूनही पटत नाही. मालक म्हणजे सगळं आपल्या मनाचं करणारा नव्हे, आलेल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला बांधलेला माणूस. नाव नसलं की मनमानी होतेच, फक्त ती शेवटी प्रिंट मारणाऱ्याची होते. त्या वेळी तेच झालं.

काही गोष्टी राहिल्या. निर्णय तुमच्या हातात नसेल तर 'निर्णय माझा' असं लिहू नका. 'कमेंट मी गोळा करणार, मंजुरी साहेबांची' असं खरं ते लिहा, पण गोळा करणारा एकच ठेवा. लिखाणाला बुजणारी माणसं असतील तर लिंकचा हट्ट धरू नका. मी काकांपुढे प्रिंट आणि लाल पेन ठेवते, मग ते कमेंटमध्ये चढवते. कोणाच्या तक्रारीचा किंवा पगाराचा मसुदा असेल तर तो ग्रुपवर टाकूच नका. आणि ऑफिसात चारच माणसं एका टेबलाशी बसत असाल तर हे सगळं करायची गरज नाही, कागद फिरवा आणि ज्याने लिहिलाय त्याच्याकडे परत येऊ द्या.