जिओहॅशची सुरुवातीची अक्षरं जुळवून जवळची ठिकाणं शोधता येतात का? स्पेशियल डेटाबेस नाही, साधं टेबल आहे. किती अक्षरं घ्यावीत?

येतात. पण नुसती अक्षरं जुळवून भागत नाही. यावरून माझं जुन्या ऑफिसात एका सिनियरशी चांगलंच वाजलं होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कोल्हापुरातल्या खानावळी आणि डबा शोधणारी पोरं यांची गाठ घालून देणारं ॲप आम्ही करत होतो. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या खानावळी दाखवायच्या, एवढंच काम. सिनियरनी प्रत्येक खानावळीचा सहा अक्षरी जिओहॅश, म्हणजे ती नकाशावरच्या ज्या चौकोनात पडते त्याचा संकेत, साठवला. तो जुळला तर जवळ, नाही जुळला तर लांब. मी म्हटलं, सर, शेजारचे चौकोनही बघावे लागतील. ते म्हणाले, उगाच फाटे फोडू नको.

ॲप सुरू झालं आणि एका खानावळवाल्या काकांचा फोन आला. "समोरच्या हॉस्टेलची पोरं माझ्याकडंच जेवत्यात, आन् त्यास्नी तुमच्या ॲपात माझी खानावळच दिसंना. मी काय गावाभाईर ऱ्हातोय व्हय?"

आकडे काढून बघितले. हॉस्टेल साधारण 16.6994, 74.2300 वर, खानावळ 16.6990, 74.2300 वर. मधलं अंतर जेमतेम 44 मीटर. हॉस्टेलचा जिओहॅश `tduz10`, खानावळीचा `tduycp`. पहिली तीन अक्षरं सोडली तर काहीच जुळत नाही.

कारण असं, की जिओहॅश पृथ्वीचे आळीपाळीने उभे-आडवे दोन भाग करत जातो आणि अशा पाच विभागण्यांचं एक अक्षर होतं. अक्षांशाच्या दहाव्या विभागणीची एक रेषा 16.6992 वर पडते, म्हणजे थेट कोल्हापूर शहरातून जाते. तिच्या उत्तरेला `tduz`, दक्षिणेला `tduy`. एसटी स्टँड `tduz1` मध्ये, रंकाळा `tduyb` मध्ये. वर आणि पाचव्या अक्षराची उभी रेषा 74.2236 रेखांशावर, अंबाबाईच्या देवळाच्या अगदी लगत. गावाच्या मधोमध चार चौकोनांचा कोपरा येतो.

सिनियरनी उपाय काय काढला? एक अक्षर कमी करा. पाच घेतली, तरी काका गायब. चार घेतली, तरी गायब. तीन घेतली तेव्हा काका दिसले, पण `tdu` मध्ये बेळगाव, सावंतवाडी, मालवण आणि पणजीसुद्धा येतं. आमच्याकडे बेळगावच्याही खानावळी नोंदवलेल्या होत्या. हॉस्टेलच्या पोरांना त्या "जवळच्या" म्हणून दिसायला लागल्या.

खरा उपाय सोपा आहे. आपला चौकोन आणि त्याच्या भोवतीचे आठ, असे नऊ घ्यायचे. बिंदू बरोबर एका चौकोनाच्या मापाने सरकवला की तो शेजारच्या चौकोनात पडतो, त्यामुळे वेगळं शेजारी-कोष्टक लागत नाही. `encode` हे जिओहॅश लायब्ररीतलं फंक्शन:

```python
def nine(lat, lon):
    dlat, dlon = 180 / 2**15, 360 / 2**15
    return {encode(lat + i*dlat, lon + j*dlon, 6)
            for i in (-1, 0, 1) for j in (-1, 0, 1)}
```

```sql
SELECT id, lat, lon FROM khanaval
WHERE gh6 IN (?,?,?,?,?,?,?,?,?);
```

`gh6` वर साधा इंडेक्स ठेवा. जे हाती लागेल त्याचं हॅवरसाइन सूत्राने खरं अंतर काढा आणि 500 मीटरच्या बाहेरचं टाकून द्या. ही शेवटची चाळणी वगळू नका, कारण नऊ चौकोनांच्या कोपऱ्यातलं ठिकाण दीड-दोन किलोमीटरवरचंही असू शकतं.

आता किती अक्षरं. शोधाची त्रिज्या चौकोनाच्या लहान बाजूपेक्षा मोठी नसावी. आपल्याकडे सहा अक्षरांचा चौकोन सुमारे 1.17 किमी रुंद आणि 0.61 किमी उंच असतो, म्हणून 500 मीटरला सहा पुरतात. दोन किलोमीटरला पाच घ्या. सात अक्षरांचा चौकोन दीडशे मीटरचा, त्यात अर्धा किलोमीटर मावत नाही.

त्रिज्या न देता "सगळ्यात जवळची एक" हवी असेल तर जपून. नऊ चौकोनांत एक सापडली, पण ती 900 मीटरवर असली, तर उत्तरेला वा दक्षिणेला नवांच्या जरा बाहेर 700 मीटरवर दुसरी असू शकते. सापडलेलं अंतर 610 मीटरच्या आत असेल तरच थांबायचं, नाहीतर आणखी एक वेढा वाढवायचा.

हो, एक सांगायचं राहिलं. हे सगळं सरळ रेषेतलं अंतर आहे. पंचगंगेच्या पल्याडचं ठिकाण 300 मीटरवर दिसेल आणि जायला पूल गाठावा लागेल. प्रभागांच्या हद्दीसारखे वेडेवाकडे आकार तपासायचे असतील तर पोस्टजीआयएससारखा स्पेशियल डेटाबेस घ्या. आमच्या सिनियरनी शेवटी खानावळींसाठीच पोस्टजीआयएस घेतलं, वेगळा सर्व्हर भाड्याने घेऊन, आणि मीटिंगमध्ये सांगितलं की जिओहॅशच चुकीचा असतो. वरचा नऊ चौकोनांचा कोड तेव्हा माझ्या लॅपटॉपवर चालू होता.