कुलसंमेलनात तीन मिनिटांत सर्व शाखांची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न: आमच्या कुलसंमेलनात प्रत्येक शाखेची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वेळ तीनच मिनिटे आहे. पाच शाखा आहेत आणि निम्मे लोक एकमेकांना ओळखत नाहीत. ऐकणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर: हे काम एकदा माझ्याकडेही आले होते आणि माझा पहिला मसुदा साफ फसला होता. कुलवृत्तांत समोर ठेवून मी मूळ पुरुषापासून सुरुवात केली होती. घरी मोठ्याने वाचून पाहिले, तेव्हा पणजोबांपर्यंत पोहोचण्यातच तीन मिनिटे संपली.

सर्वांत आधी एकच पूर्वज ठरवावा, ज्याच्या अपत्यांपासून आज जमलेल्या शाखा फुटल्या आहेत. आमच्याकडे ते पणजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या मागची एकही पिढी भाषणात घ्यायची नाही, हे ठरल्यावर निम्मे काम झाले. दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा आहे. प्रत्येकाचे नाते त्या पूर्वजाशी सांगावे, स्वतःशी सांगू नये. मी लिहिले होते, ‘या माझ्या चुलत आत्या.’ परंतु माझी आत्या ही समोर बसलेल्या कोणाची आई, कोणाची मावशी, तर कोणाची जाऊ असते. त्यामुळे प्रत्येक श्रोता ते नाते मनातल्या मनात स्वतःकडे वळवू लागतो आणि तेवढ्यात आपण पुढच्या शाखेवर गेलेलो असतो. ‘तात्यांची नात’ हे मात्र सर्वांसाठी सारखेच राहते.

आता वेळेचा हिशेब. सभेत सावकाश बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. सुरुवातीला तात्यांविषयी तीस सेकंद आणि शेवटी पंचवीस सेकंद ठेवले, तर पाच शाखांना प्रत्येकी पंचवीस सेकंद उरतात. त्यांतील सात-आठ सेकंद मंडळी उभी राहण्यात जातात. म्हणजे एका शाखेला पस्तीसच्या आसपास शब्द मिळतात. आमच्या दुसऱ्या शाखेचा मजकूर असा होता:

‘आता भाऊंची शाखा. भाऊ हे तात्यांचे दुसरे चिरंजीव. रेल्वेच्या नोकरीसाठी ते भुसावळला गेले आणि तिथेच स्थायिक झाले; म्हणून आपण त्यांना भुसावळकर म्हणतो. त्यांच्या तीन मुलांची कुटुंबे आज येथे आहेत. भुसावळच्या मंडळींनी कृपया उभे राहावे.’

यात नातवंडांची नावे नाहीत, कोणाच्या पदव्या नाहीत. श्रोत्याला लक्षात ठेवायला शाखेचे नाव, गाव आणि त्या गावी जाण्याचे कारण एवढेच दिले आहे. चेहरे तो उभ्या राहिलेल्या लोकांवरून टिपतो. हाच क्रम पाचही शाखांना तंतोतंत ठेवावा. तिसऱ्या शाखेपासून लोकांना पुढे काय येणार हे कळू लागते आणि ‘उभे राहावे’ म्हणण्याआधीच खुर्च्या सरकू लागतात.

शाखांचा क्रम अपत्यांच्या वयाप्रमाणे ठेवावा आणि त्यात मुलगे व मुली एकत्र असाव्यात. मी आधी मुलग्यांच्या शाखा घेऊन माहेरवाशिणींच्या दोन शाखा शेवटी टाकल्या होत्या. त्यामुळे ‘तिसरे अपत्य’ चौथ्या जागी आले आणि आकडे जुळेनात; शिवाय ज्येष्ठ आत्याबाईंनी नापसंती व्यक्त केली, ती रास्तच होती. मुलींच्या शाखांचे आडनाव वेगळे असल्याने तेथे सासरचे आडनाव एकदा स्पष्ट उच्चारावे, अन्यथा ही मंडळी पाहुणी आहेत की घरची, हेच कळत नाही.

दोन अडचणी हमखास येतात. एकच टोपणनाव दोन पिढ्यांत असते. आमच्याकडे दोन अण्णा होते, म्हणून ‘वाईचे अण्णा’ आणि ‘धाकटे अण्णा’ असे भाषणाच्या आधीच ठरवून घेतले. मामेबहिणीशी लग्न झालेले एक जोडपे दोन शाखांत बसत होते. त्यांना आधी विचारून एकाच शाखेत उभे केले, आणि त्या दुहेरी नात्याचा खुलासा भाषणात मुळीच केला नाही. शाखा आठ-दहा असतील, तर मात्र हा आराखडा तीन मिनिटांत बसत नाही. अशा वेळी प्रत्येक शाखेचे फक्त नाव व गाव सांगून तिला उभे करावे, किंवा संयोजकांकडून आणखी दोन मिनिटे मागून घ्यावीत.

मसुदा तयार झाल्यावर तो घरातील जाणत्या माणसाला वाचून दाखवू नये, कारण त्याला सगळे आधीच ठाऊक असते. मी तो वर्षभरापूर्वी घरात आलेल्या सुनेला ऐकवला आणि नंतर पाच शाखांची गावे क्रमाने विचारली. पहिल्या खेपेस तिला तीन आठवली. चौथ्या शाखेच्या मजकुरात मी दोन गावे घातली होती, ती एक केल्यावर तिने पाचही सांगितली.