फोटोवरून हेल्मेटचा साइज बरोबर आहे का ते कसं ओळखायचं?

प्रश्न: डोक्याचा घेर ५८ सेंमी आहे म्हणून एम साइज (५८०) फुल फेस हेल्मेट ऑनलाइन मागवलं. गाल खूप दाबले जातायत आणि कपाळ जास्त उघडं दिसतंय. मित्र म्हणतोय बदलून एल घे. फोटो टाकलाय, बघून सांगा ना.

उत्तर: लगेच बदलू नका. फोटोत गाल वर ढकलले जाऊन डोळ्यांखाली फुगल्यासारखे दिसतायत, नव्या फुल फेसमध्ये ते तसंच दिसायला पाहिजे. गालाच्या पॅडचा फोम काही आठवडे वापरला की दबतो आणि मग गालांना मोकळं वाटतं. उलट पहिल्याच दिवशी गाल मस्त आरामात बसले तर ते हेल्मेट पुढे सैल होणार. फक्त दात घट्ट मिटल्यावर गालाची आतली बाजू चावली जात असेल तर पॅड खरंच जाड आहेत, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ते निघतात आणि पातळ मिळतात, तेव्हा आधी पॅड बदलून बघा, साइज नंतर.

मला फोटोत खटकतंय ते कपाळ. हेल्मेटची वरची कड भुवयांच्या साधारण एक-दोन बोटं वर पाहिजे आणि डोळे खिडकीच्या मधोमध किंवा किंचित वर. तुमच्या फोटोत चार बोटं तरी कपाळ दिसतंय आणि डोळे खालच्या कडेकडे गेलेत. पण फोन छातीजवळ धरून खालून फोटो काढलेला दिसतोय, आणि खालून बघितलं की कडेच्या आतलं कपाळ दिसतं म्हणून हेल्मेट आहे त्यापेक्षा वर वाटतं. वरून सेल्फी काढला की उलटं होतं, कड भुवयांवर आल्यासारखी दिसते आणि लहान हेल्मेटही ठीक वाटतं. म्हणून एवढ्या फोटोवरून मी एम चुकीचा म्हणणार नाही.

आधी पट्ट्याची दोन्ही टोकं बाहेर ओढून हेल्मेट पूर्ण खाली ओढा, डोक्याचा वरचा भाग आत टेकला पाहिजे. पुष्कळदा गाल दाबले जातात म्हणून माणूस अर्ध्यावरच थांबतो आणि फोटोत कपाळ उघडं राहतं. मग पट्टा लावा (फोटोत तो लोंबतोय), इतका की हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील. काच वर करा आणि दुसऱ्या कुणाला तरी सहा-सात फुटांवरून, फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीला धरून, थोडं झूम करून समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. हाताच्या अंतरावरून काढला की मधला चेहरा मोठा येतो आणि कडेच्या फटींचा अंदाज येत नाही.

आता एक असा फोटो जो खरं सांगतो. मान स्थिर ठेवा आणि कुणाला तरी हेल्मेट दोन्ही हातांनी हळू डावीकडे वळवायला सांगा, तेवढ्यात फोटो काढा, मग सरळ फोटोशी ताडून बघा. भुवया आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेलेली दिसली तर पकड चांगली आहे. चेहरा जागच्या जागी आणि हेल्मेट एकटंच फिरलं असेल तर ते मोठं आहे, गाल कितीही दाबू देत. तसंच पट्टा लावून मागची कड धरून वर-पुढे ढकला, हेल्मेट डोक्यावरून सुटायला लागलं तर ते ठेवूच नका.

शेवटी घरातच वीस मिनिटं घालून बसा आणि काढल्या काढल्या कपाळाचा फोटो घ्या. सगळीकडे सारखी हलकी लाली असेल तर एम बरोबर आहे. कपाळाच्या मधोमध नाण्याएवढा गडद लाल डाग आणि दुखतंय, पण कानशिलाजवळ बोट आत जाईल एवढी फट, असं असेल तर तुमचं डोकं पुढून मागे लांबट आहे आणि त्या हेल्मेटचा आतला आकार गोलसर. अशा वेळी एल घेतलं तर कपाळ सुटेल पण बाजूंनी अजून सैल होईल, कारण घेर मोजणारी टेप आकार सांगत नाही. तेव्हा घेर तोच ठेवून दुसरं, आतून लांबट असलेलं मॉडेल दुकानात घालून बघा. कपाळ, कानशिलं, मागची बाजू सगळीकडेच ठणकत असेल आणि पूर्ण ओढूनही कड वरच राहत असेल, तरच मित्राचं एल बरोबर. आणि आतला थर्माकोल फोमसारखा दबून जागा देत नाही, त्यामुळे कडक जागी जे टोचतंय ते महिन्याभराने जाईल असं धरून चालू नका.

घेरही एकदा परत मोजा, भुवयांच्या साधारण एक इंच वरून आणि मागे डोकं सगळ्यात बाहेर आलंय तिथून, टेप तिरकी न होऊ देता. समोरचा, बाजूचा आणि वळवलेला असे तीन फोटो इथे टाका, कपाळाचा चौथा, मग मी नक्की सांगतो. रिटर्नची मुदत संपायच्या आत टाका आणि तोवर काचेवरची फिल्म आणि टॅग काढू नका.