प्लॉटचे पैसे आले आणि खातं गोठलं: बँक काय बघते, कोणते कागद द्यायचे

> बाबांनी गावाकडचा एनए प्लॉट विकला. ४० लाख आरटीजीएसने त्यांच्या पेन्शनच्या खात्यात आले आणि दुसऱ्या दिवसापासून एटीएम, यूपीआय, चेक सगळं बंद. शाखेत विचारलं तर "वरून रिव्ह्यू लागलाय" एवढंच सांगतात. पैसे अडकले का? कोणते कागद द्यायचे?

पैसे खात्यातच आहेत, कुठे जात नाहीत. पण कागद गोळा करण्याआधी एक गोष्ट शाखेत विचारून घ्या: बंदी बँकेने स्वतः लावली आहे की बाहेरच्या यंत्रणेच्या आदेशाने? खात्यात पैसे जमा होतात पण निघत नाहीत, असं असेल तर तो डेबिट फ्रीझ. तो बँकही लावते, पोलीसही लावायला सांगतात. ठरावीक रक्कमच अडकली असेल आणि बाकीची वापरता येत असेल, तर ते लिएन. ते बऱ्याचदा सायबर तक्रारीतून येतं: पैसे देणाऱ्याच्या खात्यात कुठून तरी फसवणुकीचे पैसे आलेले असतात आणि त्यांचा माग तुमच्यापर्यंत पोहोचतो. आदेश बाहेरचा असेल तर कोणत्या पोलीस ठाण्याचा आणि तक्रार क्रमांक काय, हे लेखी मागा. तिथे शाखेत कागद देऊन भागत नाही, त्या तपास अधिकाऱ्याकडेच जावं लागतं.

तुमचं वर्णन मात्र बँकेच्या स्वतःच्या तपासणीचं वाटतं. खातं उघडताना लिहिलेलं उत्पन्न आणि आजवरची उलाढाल यांवरून सिस्टीममध्ये खातेदाराचं एक चित्र असतं. महिन्याला पेन्शन येते, थोडी निघते, एवढंच ज्या खात्यात दिसतं त्यात ४० लाख आले की अलर्ट पडतो. त्यात पैसे आल्या आल्या तुम्ही मोठी रक्कम दुसरीकडे वळवायला गेलात तर संशय वाढतो, कारण फसवणूक करणाऱ्यांना भाड्याने दिलेली खाती अशीच चालतात: सकाळी आले, दुपारी गेले. केवायसीची मुदत संपलेली असेल तर निमित्तच मिळतं.

शाखेतले लोक गप्प का, त्यालाही कारण आहे. व्यवहार संशयास्पद वाटला तर बँक त्याचा अहवाल दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला पाठवते आणि तो पाठवल्याचं ग्राहकाला सांगायला मनाई असते. त्यामुळे काउंटरवर भांडून काही निघत नाही. पण केवळ असा अहवाल पाठवला म्हणून खात्यावर निर्बंध घालू नयेत, असंही रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश सांगतात. हे तक्रारीत लिहायला उपयोगी पडतं.

आता कागद. तपासणाऱ्याला एकच साखळी जुळवायची असते: प्लॉट बाबांचा होता, तो अमक्याला विकला, आणि हे पैसे त्याच अमक्याकडून आले. पहिल्यासाठी जुनं खरेदीखत आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. दुसऱ्यासाठी नोंदणी झालेलं नवं खरेदीखत आणि इंडेक्स टू. तिसऱ्यासाठी खरेदीखतातला मोबदल्याचा परिच्छेद, ज्यात यूटीआर नंबर, तारीख आणि बँक लिहिलेली असते. सोबत बाबांचं पॅन, आधार, ताजा केवायसी फॉर्म आणि एक पानाचं सहीचं पत्र.

अडतं ते तिसऱ्या कडीत. आमच्या शाखेत आलेलं एक प्रकरण असंच होतं. खरेदीखतात खरेदीदार एक गृहस्थ, पण ४० पैकी १५ लाख आले त्यांच्या भावाच्या फर्मच्या खात्यातून. विकणाऱ्याने खरेदीखत दिलं, तरी खातं सुटेना, कारण त्या फर्मचं नाव दस्तात कुठेच नव्हतं. शेवटी खरेदीदाराने पत्र दिलं की ही रक्कम भावाकडून कर्जाऊ घेऊन विकणाऱ्याला थेट द्यायला सांगितली, फर्मनेही लेटरहेडवर तेच लिहिलं, आणि दोघांची स्टेटमेंटं जोडली. मग तपासणाऱ्याचा प्रश्न मिटला. तुमच्या पासबुकातली पाठवणाऱ्याची नावं आजच दस्ताशी ताडून बघा.

आणि दस्तातल्या रकमेपेक्षा जास्त पैसे खात्यात असतील तर त्याचं उत्तर कागदात सापडणार नाही. ती जास्तीची रक्कम "हातउसने" म्हणून दाखवायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. खोटा खुलासा फाइलला कायमचा चिकटतो.

सगळं शाखा व्यवस्थापकाच्या नावे द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि तेच बँकेच्या अधिकृत तक्रार ईमेलवर पाठवा. पत्रात पेन्शनपुरती रक्कम काढू देण्याची विनंती करा. मिळेलच असं नाही, पण औषधपाण्याचं कारण लिहिलं तर काही शाखा ऐकतात. तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे तो शिक्क्याचा कागदच आधी जोडावा लागतो.