स्पेक्ट्रममधील शिखरे वाचताना

यंत्राच्या कंपनाच्या स्पेक्ट्रममध्ये उंच शिखर दिसताच निदान करू नका. आधी यंत्राचा प्रत्यक्ष वेग मोजा. कपलिंगने पंपाला जोडलेली मोटर 1440 आरपीएमने फिरत असेल, तर 1एक्स, म्हणजे फिरण्याची वारंवारता, 24 हर्ट्झ. आडव्या व उभ्या दिशेने घेतलेल्या मापनांत 24 हर्ट्झचे एकच शिखर ठळक असेल, त्याचे गुणित क्षुल्लक असतील आणि अक्षीय कंपन कमी असेल, तर असंतुलनाचा संशय रास्त आहे.

मात्र 48 हर्ट्झचे शिखर मोठे होऊन अक्षीय कंपनही वाढले, तर अलाइनमेंट तपासावे. येथे नवखे हमखास फसतात, कारण कोनीय मिसअलाइनमेंटमध्ये कधीकधी 1एक्सच मोठा राहतो. अशा वेळी कपलिंगच्या दोन्ही बाजूंची अक्षीय फेज मोजावी; सेन्सरची दिशा जमेस धरूनही ती सुमारे 180 अंशांनी उलट आली, तर मिसअलाइनमेंटची शक्यता बळावते.

बेअरिंगच्या दोषाची खूण म्हणजे वेगाच्या पूर्णांक पटीत न बसणारे शिखर. 6205 बेअरिंगच्या बाह्य कड्याच्या दोषाची वारंवारता फिरण्याच्या वारंवारतेच्या सुमारे 3.58 पट असल्याने येथे 86 हर्ट्झजवळ आणि त्याच्या पटींत शिखरे शोधावी लागतात. सुरुवातीला ती कंपनवेगाच्या स्पेक्ट्रममध्ये जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून त्वरण किंवा एन्व्हलप स्पेक्ट्रम पाहावा. आतील कड्याचा दोष असेल, तर 130 हर्ट्झच्या आसपासच्या शिखराच्या दोन्ही बाजूंस 24 हर्ट्झच्या अंतराने उपशिखरे आढळतात.