आहेराची वही आधी काढा, कॅलेंडर नंतर

"दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी आदल्या संध्याकाळी खडे बाजारात धावते. नातेवाईक, मैत्रिणी, ऑफिस, सगळ्यांचं देणंघेणं आणि त्याचं बजेट वर्षाच्या सुरुवातीलाच कसं आखायचं?"

ताई, राखी, पंचमी, भाऊबीज ही कधी चुकत नाहीत, त्यांची यादी अर्ध्या तासात होते. घोळ लग्नांत होतो. म्हणून तुमच्या घरातल्या शेवटच्या कार्याची आहेराची वही काढा. आमच्याकडं धाकट्या दिरांच्या लग्नाची आहे. कुणी साडी नेसवली, कुणी पाकीट दिलं, सगळं त्यात आहे. त्या वहीतल्या कुणाच्या घरात आता लग्नाची मुलं आहेत, ते पेन्सिलीनं खुणावा. गडहिंग्लज-चंदगडकडचे पाहुणेही धरा. त्यांच्याकडं जायचं म्हणजे गाडीखर्चही आहेरातच आला. वहीतला आकडा मात्र जसाच्या तसा फेडायचा नसतो. वीस वर्षांपूर्वीच्या १०१ रुपयांना आज १०१ दिले तर हसं होईल. साडीला साडी आणि पाकिटाला पाकीट, इतकंच बघा.

माझं गेल्या वर्षीचं गणित सांगते. पंचमीला नणंद, राखी, दिवाळी, भाऊबीज, संक्रांतीचं वाण मिळून १४,००० झाले. लग्नं बारा आली. दोन अगदी घरची, तिथं चार-चार हजार. चार ठिकाणी हजार-हजार. उरलेल्या सहा ठिकाणी २५१ चं पाकीट. म्हणजे लग्नांचे साधारण १३,५००. बारसं, वास्तुशांत, कुणाला दवाखान्यात बघायला जाणं, यासाठी ४,५०० वेगळे. एकूण ३२,०००, म्हणजे महिन्याला २,७०० च्या आसपास. पगाराच्या दिवशी ते वेगळ्या खात्यात टाकते. ऑफिसची वर्गणी मी यात धरतच नाही. तिथं महिन्याला १५० सगळ्यांचे ठरलेले आहेत, वाढदिवस असो की बदली.

आता धोंड्याचं. हा साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, त्यामुळं वर्षाच्या बजेटात तो बसतच नाही आणि आला की घाम फोडतो. जावयाचे कपडे, चांदीचं निरांजन, तेहतीस अनारसे, जेवण, असे माझे ९,००० धरलेले असतात. महिन्याला तीनशे आधीपासून बाजूला ठेवले की जड जात नाही. २०२६ चा धोंडा अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नसतात, म्हणून ती एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत दाटतात आणि उरलेली जूनच्या उत्तरार्धात येतात. खात्यात पैसे त्या हिशेबानं हवेत.

खरेदी मी आषाढात करते. लग्नं नसल्यामुळं दुकानं ओस असतात आणि आपल्याकडं आषाढ सेल लागतो. पण मोबाईलमध्ये "जुलै" अशी आठवण लावू नका, तिथी बघून लावा. २०२५ मध्ये आषाढ २६ जूनला लागला, २०२६ मध्ये तो १५ जुलैला लागतो आणि १२ ऑगस्टला संपतो. १७ ला लगेच पंचमी. म्हणजे त्या चार आठवड्यांत पंचमी, दसरा, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, सगळ्यांच्या साड्या घ्यायच्या. शहापूर-वडगावच्या मागावरच्या चार-पाच, एक इरकल, आणि गुळेदगुड्डचे दहा-बारा खण, एवढं मला पुरतं. लहान मुलांचे कपडे मात्र आधी घेऊ नका, दिवाळीपर्यंत माप बदलतं.

कपाटात ठेवताना प्रत्येक नगात चिठ्ठी घाला. हे मी ठेच लागून शिकले. खानापूरच्या एका वास्तुशांतीला घाईघाईत कपाटातली बाटलीग्रीन साडी उचलून नेली. यजमानीणबाईंनी घडी उलगडली, पदरावरच्या मोराकडं बघत म्हणाल्या, "ही मीच दिली होती की ओ तुम्हाला!" सगळे हसले, पण मला जेवण गेलं नाही. आता चिठ्ठीवर तीन गोष्टी असतात: कुणी दिली किंवा कुठून घेतली, किंमत, तारीख. मिळालेल्या साड्यांचा कप्पा वेगळा. आणि जरीच्या साडीची घडी तीन-चार महिन्यांनी बदलते, नाहीतर घडीवर जर चिरते आणि देताना ती जुनी दिसते.

पत्रिकेवर "आहेर स्वीकारले जाणार नाहीत" असेल तर पाकिटाचे पैसे वाचतात, पण खण-नारळ मी तरी नेतेच. गोड पदार्थ साठवायच्या भानगडीत पडू नका. कुंदा त्याच दिवशी घ्यायचा. लांबच्या पाहुण्यांना गोकाकचं करदंट न्या, ते प्रवासात टिकतं.